नव्वद टक्के पाऊस : या आकड्याचा काटा कसा तपासावा?



जून महिन्यातली गोष्ट. मृगाच्या एक-दोन सरी होऊन गेल्या आणि मग पावसाने डोळे वटारले. अशा वेळी आमच्या गटऑफिसात एक जुने सभासद आले. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. उपसा सिंचन योजनेवर त्यांचा दोन एकर सुरू ऊस आहे. मोठी बांधणी उरकली होती, खताचा हप्ता पडला होता आणि पाण्याची पाळी शुक्रवारची होती. बुधवारी रात्री नातवाने फोन बघून सांगितले, की शुक्रवारी नव्वद टक्के पाऊस आहे. तात्यांनी विचार केला, पाऊस येणारच आहे तर रात्रीचे जागरण कशाला? त्यांनी पाळी शेजाऱ्याला देऊन टाकली. शुक्रवारी आभाळ भरून आले, धुरळा बसेल एवढे थेंब पडले आणि आभाळ निघून गेले. पुढची पाळी बारा दिवसांनी आली. तोवर उसाच्या पानांच्या सुरळ्या झाल्या होत्या.

"साहेब, नव्वद टक्के म्हणत हुता त्यो. ह्यो फोन झूट बोलतोय बघा," तात्या म्हणाले.

शेजारी एक तरुण सभासद बसले होते. ते म्हणाले, "तात्या, नव्वद टक्के म्हंजे शंभर न्हवं. धा टक्के ऱ्हातंच की. ते तुमच्या वाट्याला आलं."

दोघांचेही बोलणे ऐकायला पटते. पण खरे कोणाचे, हे त्या एका शुक्रवारावरून सांगता येत नाही, असे आम्ही म्हणालो. तात्यांना ते आवडले नाही. तेव्हा हे सांगायचे कसे, त्याची रीत या लेखात देत आहोत. रीत सोपी आहे. एक वही, एक आलेखाचा कागद आणि एक पावसाळा एवढेच तिला लागते.

वजनकाटा आणि टक्क्यांचा काटा

आपण ऊस घालतो तेव्हा वजनकाट्याकडे डोळ्यांत तेल घालून बघतो. काटा बरोबर आहे की नाही हे ठरवायचे, तर प्रमाणित वजने ठेवून काटा काय दाखवतो ते बघतात. तेही एकाच वजनावर भागत नाही. पाच टनांवर बरोबर दाखवणारा काटा पंचवीस टनांवर चुकू शकतो, म्हणून हलक्या आणि भारी अशा वेगवेगळ्या वजनांवर तो पडताळावा लागतो. या पडताळण्याला आणि जुळवण्याला कॅलिब्रेशन म्हणतात.

पावसाचा टक्का हाही एक काटाच आहे. फरक एवढाच, की प्रमाणित वजन काट्यावर एकदा ठेवले की चूक लगेच दिसते, आणि पावसाचे तसे नाही. शुक्रवारी पाऊस पडतो किंवा पडत नाही. नव्वद टक्के पडला, असे काही नसते. म्हणून एका दिवसाने हा काटा तपासता येत नाही.

मग नव्वद टक्क्यांचा अर्थ काय? ज्या ज्या दिवशी फोनने नव्वद टक्के सांगितले ते सगळे दिवस गोळा करा. त्यांतल्या दर शंभर दिवसांपैकी साधारण नव्वद दिवस पाऊस पडला, तर त्या काट्याचा नव्वद खरा. पासष्टच दिवस पडला, तर तो काटा पासष्टला नव्वद दाखवतो. तसेच तीस टक्क्यांचे. तीस सांगितलेल्या शंभर दिवसांत तीस दिवस पाऊस हवा. तीस टक्के सांगितलेल्या दिवशी पाऊस कधीच पडला नाही, तर तीही काट्याची चूकच.

ही रीत नवी नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थ येथे कुक नावाचे सरकारी खगोलशास्त्रज्ञ हवामानाचे अंदाज देत. प्रत्येक अंदाजापुढे आपली खात्री किती, हे ते पाच ते एक अशा आकड्यांनी लिहीत. पाच म्हणजे जवळजवळ नक्की. १९०६ साली त्यांनी पडताळा छापला, तेव्हा पाचचे अंदाज चारपेक्षा जास्त वेळा आणि चारचे तीनपेक्षा जास्त वेळा खरे ठरल्याचे दिसले. म्हणजे त्यांच्या खात्रीच्या आकड्याला अर्थ होता. पुढे अमेरिकेच्या हवामान खात्याने १९६० च्या दशकात पावसाचे अंदाज देशभर टक्क्यांत द्यायला सुरुवात केली. मर्फी आणि विंकलर या दोन संशोधकांनी १९७७ साली तिथल्या अंदाजकारांचे आकडे तपासून दाखवले, की त्यांचे टक्के प्रत्यक्ष पावसाशी चांगले जुळतात. त्या मंडळींना रोज अंदाज द्यावा लागे आणि रोज त्याचा निकाल समोर येई. काटा जुळतो तो अशा रोजच्या पडताळ्याने.

आधी ठरवा : पाऊस कशाला म्हणायचे?

वही उघडण्यापूर्वी एक गोष्ट ठरवावी लागते, आणि बहुतेक जण नेमके तेच विसरतात. पाऊस पडला, असे कधी म्हणायचे?

अमेरिकेच्या खात्यात इंचाचा शंभरावा भाग, म्हणजे पाव मिलिमीटर पाणी पर्जन्यमापकात आले की पाऊस पडला असे धरतात. आपल्या भारतीय हवामान खात्यात दिवसाला अडीच मिलिमीटर किंवा जास्त झाला तरच तो पावसाचा दिवस. दोन्हींत दहापटीचा फरक आहे. फोनवरचा टक्का बहुधा पहिल्या जातीचा, थोड्याशा पावसालाही मोजणारा असतो.

रेडिओवर ऐकतो ते आणखी वेगळे. 'तुरळक ठिकाणी', 'काही ठिकाणी', 'बहुतांश ठिकाणी' या शब्दांमागेही टक्केच आहेत, पण ते विभागातल्या किती केंद्रांवर पाऊस होईल त्याचे आहेत. तुरळक म्हणजे पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, बहुतांश म्हणजे पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक केंद्रांवर. ती पावसाची खात्री नव्हे, पावसाचा पसारा आहे. हे दोन टक्के एका वहीत मिसळू नयेत.

वही कशी ठेवावी

एक ठराविक वेळ धरा. आम्ही रात्री दहाची वेळ सांगतो, कारण फोनचा दिवस मध्यरात्री ते मध्यरात्री असतो. रात्री दहाला उद्याचा टक्का वहीत लिहा. दुसऱ्या रात्री दहाला पर्जन्यमापकातले पाणी मोजा, आकडा त्या टक्क्यापुढे लिहा आणि भांडे रिकामे करा. पर्जन्यमापक नसेल तर सपाट बुडाची, सरळ उभ्या भिंतीची बरणी झाडापासून आणि भिंतीपासून दूर, मोकळ्यावर ठेवावी. आतल्या पाण्याची उंची पट्टीने मोजली की तोच मिलिमीटरमधला पाऊस. नुसते थेंब पडून वाळून गेले असतील, तर 'थेंब' एवढे लिहावे.

तीन पथ्ये आहेत. टक्का आधी लिहायचा. पाऊस पडून गेल्यावर आठवून लिहायचा नाही. फोन दिवसभरात आकडा बदलत असतो आणि माणसाला सोयीचा तेवढा आठवतो. दुसरे, दहा आणि वीस टक्क्यांचे दिवसही लिहायचे, फक्त मोठ्या आकड्यांचे नव्हेत. तिसरे, उद्याचा अंदाज आणि दोन-चार दिवसांनंतरचा अंदाज यांना वेगळी पाने ठेवायची. लांबच्या अंदाजाचा काटा वेगळा असतो. तात्यांनी बुधवारी शुक्रवारचा आकडा बघितला होता, हे लक्षात घ्या.

आलेख

जून ते सप्टेंबर एवढ्या नोंदी झाल्या की त्यांचे पाच गट करावेत : शून्य ते वीस टक्के, वीस ते चाळीस, असे शंभरपर्यंत. काठावरचा आकडा खालच्या गटात धरावा. खालचे आकडे हिशोब समजावा म्हणून आम्ही गोल करून मांडले आहेत. तुमच्या वहीत वेगळे येतील. पाऊस म्हणजे अडीच मिलिमीटर किंवा जास्त, असे येथे धरले आहे.

फोन म्हणाला सरासरी १० टक्के : दिवस २०, पाऊस २ दिवस, म्हणजे १० टक्के.
फोन म्हणाला सरासरी ३० टक्के : दिवस २०, पाऊस ५ दिवस, म्हणजे २५ टक्के.
फोन म्हणाला सरासरी ५० टक्के : दिवस २०, पाऊस ८ दिवस, म्हणजे ४० टक्के.
फोन म्हणाला सरासरी ७० टक्के : दिवस २०, पाऊस १० दिवस, म्हणजे ५० टक्के.
फोन म्हणाला सरासरी ९० टक्के : दिवस ४०, पाऊस २६ दिवस, म्हणजे ६५ टक्के.

आता आलेखाचा कागद घ्या. आडव्या रेघेवर फोनने सांगितलेला टक्का, उभ्या रेघेवर प्रत्यक्ष पडलेल्या पावसाचा टक्का. एक सेंटिमीटरला दहा टक्के धरा. डाव्या खालच्या कोपऱ्यापासून उजव्या वरच्या कोपऱ्यापर्यंत पट्टीने तिरकी रेघ मारा. ही बिनचूक काट्याची रेघ, कारण तिच्यावर सांगितलेला आणि घडलेला टक्का सारखाच असतो. मग आपले पाच ठिपके मांडून जोडा. प्रत्येक ठिपक्याशेजारी किती दिवसांवरून तो आला, तेही लिहा. यालाच रिलायबिलिटी प्लॉट म्हणतात; आपण खरेपणाचा आलेख म्हणू.

तो वाचणे सोपे आहे. ठिपका रेघेच्या खाली असेल, तर फोनने सांगितले जास्त आणि पडले कमी. वर असेल तर उलटे. आपल्या उदाहरणात दहाचा ठिपका रेघेवर आहे, तीसचा किंचित खाली, आणि पुढे पुढे ठिपके रेघेपासून खाली खाली जातात. नव्वदचा ठिपका पासष्टवर आहे. म्हणजे हा काटा हलक्या वजनावर बरोबर आहे आणि भारी वजनावर जास्त दाखवतो. फोन फसवतो की नाही, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर का देता येत नाही, ते यावरून कळेल.

किती दिवसांवर बोलावे?

इथे एक सावधगिरी. समजा काटा अगदी खरा आहे, नव्वद म्हणजे नव्वदच. तरी नव्वद सांगितलेल्या दहा दिवसांत नऊच दिवस पाऊस पडेल असे नाही. असे दहा-दहा दिवसांचे शंभर गट घेतले, तर सुमारे ३५ गटांत दहाही दिवस पाऊस पडेल, ३९ गटांत नऊ दिवस, १९ गटांत आठ दिवस आणि उरलेल्या ७ गटांत सात किंवा त्याहून कमी दिवस. म्हणून दहापैकी आठ दिवस पाऊस पडला, तर काट्यावर काहीच बोलू नये. तात्यांचा तर एकच दिवस होता.

चाळीस दिवस झाले की बोलता येते. खऱ्या काट्यावर चाळीसपैकी छत्तीसच्या आसपास दिवस यायला हवेत. तेहतीस-चौतीस आले तरी चालून जाते. पण सव्वीस हे योगायोगाने जवळजवळ कधीच येणार नाहीत. तिथे तरुण सभासदांचे 'दहा टक्के वाट्याला आले' हे म्हणणे टिकत नाही. दहा टक्क्यांच्या हिशोबाने चार दिवस कोरडे जायला हवे होते, आणि गेले चौदा.

मग तात्या बरोबर?

थांबा. तीच वही पुन्हा उघडा. दिवस तेच, टक्के तेच. फक्त पाऊस म्हणजे अडीच मिलिमीटर असे न धरता, थेंब पडले तरी पाऊस, असे धरून मोजा. समजा, नव्वदच्या चाळीस दिवसांपैकी आता पस्तीस दिवस पाऊस निघाला, म्हणजे ८८ टक्के. सत्तरच्या वीसपैकी तेरा, पन्नासच्या वीसपैकी दहा, तीसच्या वीसपैकी सात आणि दहाच्या वीसपैकी तीन. हे ठिपके मांडले तर ते जवळजवळ तिरक्या रेघेवर बसतात.

म्हणजे या वहीतला फोन खोटे बोलत नव्हता. तो थेंबांचा टक्का सांगत होता आणि आपण तो पाण्याचा टक्का म्हणून वाचत होतो. प्रश्न एक, उत्तर दुसऱ्याचे. तात्यांच्या शुक्रवारीही थेंब पडलेच होते! तेव्हा काटा जुळत नसेल तर पहिला संशय इथे घ्यावा, की त्याचा पाऊस आणि आपला पाऊस एकच आहे ना?

दुसरी अडचण खुद्द अंदाजाच्या गणितात असते. संगणकावर वातावरणाचे गणित एकदाच सोडवत नाहीत. सुरुवातीच्या नोंदींत थोडा थोडा फरक करून ते पुन:पुन्हा सोडवतात. युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या अंदाज केंद्रात १९९२ पासून ही पद्धत चालू आहे. पन्नास गणितांपैकी पंचेचाळीसांत पाऊस आला, तर सरळ हिशोबाने नव्वद टक्के. पण ही पन्नास गणिते एकाच घरची भावंडे असतात. चुकली तर एकदम चुकतात. एकाच बियाण्याचे पन्नास प्लॉट बघून गावातल्या सगळ्या उसाबद्दल बोलावे, तसे ते होते. त्यामुळे नुसती मोजदाद करून काढलेला टक्का गरजेपेक्षा जास्त छातीठोक असतो. चांगली केंद्रे जुन्या नोंदींशी पडताळून तो खाली आणतात. सगळे फोन ते करतात असे धरून चालू नये. थेंबांनी मोजूनही ठिपके रेघेखालीच राहिले, तर हे कारण असू शकते.

कामाप्रमाणे टक्का

आपल्या गरजेचा पाऊस किती, ते कामावर ठरते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर पाणी. अडीच मिलिमीटरचे झाले दहा हजार. सरीने दिलेली पाण्याची एक पाळी साडेसात सेंटिमीटरची धरली, तर एकरी तीन लाख लिटर होतात. तेव्हा अडीच मिलिमीटर हा पाळीचा तिसावा हिस्सा झाला. तेवढ्यावर पाळी सोडून देणे परवडत नाही. उलट फवारणी करायची असेल, तर तेवढाच पाऊस औषध धुऊन न्यायला पुरतो.

म्हणून फवारणीसाठी अडीच मिलिमीटरचा आलेख ठेवावा. पाळी सोडायची असेल तर 'पाळीपर्यंतच्या दिवसांत मिळून पंचवीस मिलिमीटर' असा पाऊस धरून तीच वही वेगळी मोजावी. पंचवीसचा ठिपका वेगळ्या जागी येऊ शकतो. आलेख झाला की पुढे फोनचा आकडा तसाच न घेता ठिपक्यावरून वाचावा. आपल्या उदाहरणात फोन नव्वद म्हणाला, तर अडीच मिलिमीटरसाठी मनात पासष्ट धरायचे. म्हणजे तीनातून एकदा कोरडे जाणार. एवढ्यावर फवारणी पुढे ढकलायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण निदान खऱ्या आकड्यावर ठरवावे. मात्र हे आकडे आपल्या रानाचे, त्या फोनचे आणि त्या हंगामाचे असतात. वळवाच्या पावसाचे दिवस आणि आषाढातले झडीचे दिवस एकत्र मोजले, तर एकाची चूक दुसऱ्यात झाकली जाते.

शेवटी एक फसगत सांगतो. एखाद्या गावात पावसाळ्याच्या दहा दिवसांपैकी चार दिवस पाऊस पडतो. तिथे कोणी रोज उठून 'चाळीस टक्के' एवढेच सांगू लागला, तर त्याचा ठिपका बरोबर रेघेवर बसेल. काटा बिनचूक, पण उपयोग शून्य, कारण आजचा आणि उद्याचा फरक तो सांगतच नाही. म्हणून ठिपक्याशेजारचे दिवस बघावेत. रेघेवरही आहे आणि नव्वद किंवा दहा म्हणण्याची हिंमतही करतो, तो अंदाज कामाचा.

तात्यांनी आता वही घातली आहे. नातू टक्का लिहितो, बरणी तात्या स्वत: मोजतात. परवा ते आम्हाला म्हणाले, "साहेब, तुम्हीबी म्हणता की तोड ह्या आठवड्यात नक्की. त्याचाबी काटा बघायचा का?" आम्ही निरुत्तर झालो. खरेच आहे. 'नक्की' हाही एक टक्काच आहे, आणि तो आम्ही कधी तपासलेला नाही. तेव्हा येत्या गळीत हंगामात आमच्या गटऑफिसात तोडीची तारीख सांगताना खात्रीचा टक्काही रजिस्टरला लिहिला जाईल, आणि हंगाम संपल्यावर त्याचा आलेख ऑफिसच्या भिंतीवर लावू. ठिपके रेघेखाली निघाले, तर आमच्या 'नक्की'तून किती वजा करायचे, ते सभासदांना कळेल.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग